नवी मुंबईच्या पावसाळ्यात प्लेटलेटची मोजणी

नवी मुंबईत पावसाने जोर धरल्यानंतर थोड्याच दिवसांत वाशी, नेरुळ, घणसोली, कामोठे अशा वसाहतींतील संकलन केंद्रांवरून मुख्य प्रयोगशाळांकडे येणाऱ्या जांभळ्या झाकणाच्या नळ्या वाढू लागतात, आणि ही वाढ साधारणपणे ऑक्टोबरपर्यंत टिकते. बांधकामांच्या जागी आणि इमारतींच्या टाक्यांत साचलेल्या पाण्यामुळे या काळात डेंग्यू आणि व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया हे दोन्ही ताप शेजारी शेजारी चालतात, आणि दोहोंतही रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म कणांची संख्या घसरते. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. डेंग्यूच्या चौथ्या-पाचव्या दिवशी ती संख्या वीस हजारांवर आली, तर रुग्णाला दाखल करायचे का आणि प्लेटलेट चढवायच्या का, हे प्रश्न उभे राहतात. रुग्णाचा रक्तदाब, रक्तस्राव आणि हिमॅटोक्रिट यांकडे पाहूनच हे निर्णय घ्यायचे असतात हे डॉक्टर जाणतात, पण नातेवाइकांची नजर मात्र सीबीसीच्या कागदावरील त्या एका आकड्यावर खिळलेली असते. तो आकडा ज्या यंत्रातून येतो ते यंत्र पेशी पाहत नाही. ते विजेचे आणि प्रकाशाचे स्पंद मोजते, आणि कोणता स्पंद प्लेटलेटचा मानायचा हे एका सीमारेषेवरून ठरवते. प्लेटलेट भरपूर असताना ही रेषा थोडी सरकली तरी काही बिघडत नाही. त्या कमी झाल्या की मात्र सगळा आकडाच रेषेच्या जागेवर अवलंबून राहतो, आणि प्रयोगशाळेत अनेक पावसाळे काढलेल्या तंत्रज्ञांचे कौशल्य मुख्यतः ही जागा वाचण्यात असते.

मोजणीचे मूळ तत्त्व वॉलेस कोल्टर या अमेरिकी अभियंत्याचे आहे. त्याचे पेटंट त्यांना 1953 साली मिळाले. रक्त मिठाच्या संतुलित द्रावणात शेकडो ते हजारो पट पातळ करून ते एका अतिसूक्ष्म छिद्रातून ओढले जाते. आजच्या यंत्रांत या छिद्राचा व्यास साधारण 50 ते 100 मायक्रॉन असतो, म्हणजे केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहून थोडा कमी. छिद्राच्या दोन्ही बाजूंना विद्युतअग्रे बसवून स्थिर प्रवाह चालू ठेवलेला असतो. मिठाचे द्रावण विजेचे चांगले वाहक आहे, पण पेशीभोवतालचे पटल विजेला अडवते. त्यामुळे पेशी छिद्रातून जात असताना ती आपल्या आकारमानाइतके वाहक द्रावण बाजूला सारते, क्षणभर विद्युतरोध वाढतो आणि एक स्पंद उमटतो. स्पंदांची संख्या म्हणजे पेशींची संख्या, आणि स्पंदाची उंची पेशीच्या घनफळाच्या प्रमाणात, इतके हे तत्त्व साधे आहे. घनफळ फेम्टोलिटर या एककात मोजतात. एक मायक्रोलिटर म्हणजे शंभर कोटी फेम्टोलिटर. निरोगी तांबडी पेशी 80 ते 100 फेम्टोलिटरची असते, तर प्लेटलेट सरासरीने दहाच्या आसपासची.

या साधेपणाला काही अडचणी चिकटलेल्या आहेत. दोन पेशी एकाच वेळी छिद्रात शिरल्या तर एकच, पण मोठा स्पंद मिळतो. हा योगायोग किती वेळा घडेल याचे गणित मांडता येत असल्याने यंत्र त्याची दुरुस्ती स्वतः करते. छिद्राच्या कडेने गेलेली पेशी वेडावाकडा स्पंद देते, म्हणून बऱ्याच यंत्रांत पेशींच्या धारेभोवती स्वच्छ द्रावणाचे आवरण सोडून तिला छिद्राच्या मध्यातून जायला भाग पाडले जाते. छिद्र ओलांडलेली तांबडी पेशी भोवऱ्यात सापडून पुन्हा छिद्राच्या मागच्या तोंडापाशी आली, तर तिचा जो क्षीण स्पंद उमटतो तो नेमका प्लेटलेटच्या उंचीचा असतो, म्हणून छिद्रामागील जागा सतत धुऊन काढणारा प्रवाह ठेवावा लागतो. यावरून एक गोष्ट ध्यानात येते: तांबड्या पेशी आणि प्लेटलेट एकाच पातळ द्रावणात, एकाच छिद्रातून मोजल्या जातात आणि त्यांना वेगळे करणारी खूण आकारमान ही एकच असते.

यंत्र सगळ्या स्पंदांना उंचीप्रमाणे लावून आलेख काढते. डावीकडे प्लेटलेटचा लहान उंचवटा, उजवीकडे तांबड्या पेशींचा मोठा डोंगर आणि मध्ये दरी, असे त्याचे स्वरूप असते. निरोगी रक्तात ही दरी जवळजवळ तळाला टेकते, म्हणून सीमारेषा तिथे कुठेही टाकली तरी संख्येत फरक पडत नाही. काही यंत्रे ही रेषा ठरावीक जागी ठेवतात आणि उरलेला भाग गणिती वक्र ताणून भरून काढतात. काही यंत्रे प्रत्येक नमुन्यात दरीचा तळ शोधून साधारण 12 ते 30 फेम्टोलिटरच्या दरम्यान ती सरकवतात. अडचण येते ती तांबड्या पेशीच लहान असलेल्या रक्तात. लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय आपल्याकडे सर्वत्र आढळतो आणि बीटा थॅलेसेमियाचे वाहक भारतात शंभरात तीन-चार निघतात. या दोन्ही अवस्थांत तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान 60-65 फेम्टोलिटरपर्यंत उतरते, आणि त्यांच्यातील सर्वांत लहान पेशी व तुटलेले तुकडे डोंगराच्या डाव्या उतारावरून घसरत थेट प्लेटलेटच्या हद्दीत येतात. केवळ चाळणीने तांदूळ निवडणाऱ्याच्या हाती तांदळाची कणी आणि तेवढाच बारीक खडा एकत्र यावा, तशी यंत्राची स्थिती होते.

या घुसखोरीचे परिणाम समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. रक्तात तांबड्या पेशी मायक्रोलिटरला सुमारे 50 लाख असतात. त्यांपैकी हजारात चार पेशी सीमारेषेच्या अलीकडे आल्या, तर प्लेटलेटच्या संख्येत वीस हजारांची खोटी भर पडते. खरी संख्या अडीच लाख असेल, तर ही भर कोणाच्या लक्षातही येत नाही. खरी संख्या वीस हजार असेल, तर अहवालात ती दुप्पट होऊन उतरते. चूक तांबड्या पेशींच्या संख्येवर ठरते, प्लेटलेटच्या नव्हे. म्हणून प्लेटलेट जितक्या कमी होत जातात तितकी तीच चूक मोठी होत जाते. एरवी वर्षभर बिनतक्रार चालणारे यंत्र डेंग्यूच्या दिवसांत संशयास्पद का ठरते, याचे मुख्य कारण यंत्रातील बिघाड हे नसून हे प्रमाण आहे.

एखाद्या पावसाळी दुपारी येणाऱ्या नमुन्याचे उदाहरण घेऊन हे पाहता येईल. अठ्ठावीस वर्षांच्या स्त्रीचा, डेंग्यूच्या पाचव्या दिवसाचा नमुना आहे असे समजू. हिमोग्लोबिन 10.5 ग्रॅम, तांबड्या पेशी 56 लाख, त्यांचे सरासरी आकारमान 61 फेम्टोलिटर आणि प्लेटलेट 46,000, असा अहवाल पडद्यावर येतो. नवख्या माणसाला त्यात काळजीचे फारसे दिसणार नाही. अनुभवी तंत्रज्ञाची नजर मात्र प्रथम तांबड्या पेशींच्या ओळीवर थांबते, कारण हिमोग्लोबिन कमी असताना तांबड्या पेशींची संख्या वाढलेली आणि आकारमान इतके घटलेले असणे हा थॅलेसेमिया वाहकाचा नेहमीचा नमुना आहे. आकारमानाला दशलक्षातील संख्येने भागले तर 61 भागिले 5.6 म्हणजे सुमारे 10.9 येतात, आणि तेरापेक्षा कमी आलेले हे गुणोत्तर वाहकपणाकडे बोट दाखवते, जरी त्याची खात्री हिमोग्लोबिनच्या वेगळ्या तपासणीनेच होते. मग प्लेटलेटचा आलेख पाहिला जातो. त्याचा उजव्या टोकाकडील भाग तळाला परत येत नाही. वीस फेम्टोलिटरच्या पुढे तो थबकतो आणि पुन्हा चढू लागतो, म्हणजे मधली दरी भरून आलेली असते. यंत्रही अशा वेळी आकड्याशेजारी सूचनेची खूण लावते, पण खूण आली म्हणजे किती चूक झाली हे त्यातून कळत नाही.

पुढची पायरी म्हणजे तोच नमुना प्रकाशीय पद्धतीने मोजणे आणि काचपट्टीवर रक्ताचा पातळ लेप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. शंभरपट भिंगाखाली, तेलाच्या थेंबातून, पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या भागातील दहा-वीस क्षेत्रे मोजली आणि क्षेत्रागणिक सरासरी 1.6 प्लेटलेट मिळाल्या, तर त्यांना रूढ गुणक 15,000 लावून 24,000 ही अंदाजी संख्या येते. प्रकाशीय मोजणीही 24,000 च्या जवळ आली, तर 46,000 मधील सुमारे 22,000 हे तांबड्या पेशींचे तुकडे होते असे ठरते. 56 लाखांच्या मानाने ते हजारात चारही नाहीत. काचपट्टीचा अंदाज स्वतः ढोबळ असतो, पण त्याची चूक यंत्राच्या चुकीहून वेगळ्या कारणाने होते, आणि दोन स्वतंत्र मार्गांनी एकच उत्तर येणे यालाच येथे पुराव्याचे मोल आहे. अहवालात 24,000 लिहून त्याखाली पद्धत आणि कारण नोंदवणे आवश्यक ठरते, कारण दुसऱ्या दिवशी हीच रुग्ण दुसऱ्या ठिकाणी, केवळ विद्युतरोधावर चालणाऱ्या लहान यंत्रावर तपासली गेली, तर पुन्हा चाळीस हजारांवरचा आकडा येईल आणि प्रकृती सुधारल्याचा खोटा दिलासा मिळेल.

प्रकाशीय पद्धत हे तुकडे कसे ओळखते, हे तिच्या रचनेत आहे. पेशींची धार एकेरी रांगेत लेसर किरणासमोरून जाते आणि पेशीवर आदळलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. किरणाच्या दिशेने, अगदी लहान कोनात पुढे जाणारा प्रकाश मुख्यतः पेशीच्या आकारावर अवलंबून असतो. अधिक मोठ्या कोनात विखुरलेला प्रकाश पेशीच्या अंतरंगावर, म्हणजे तिच्यातील कणांवर, केंद्रकाच्या घडणीवर आणि आतील द्रव्य प्रकाश किती वळवते यावर ठरतो. तांबड्या पेशीचा तुकडा प्लेटलेटएवढाच असला तरी तो हिमोग्लोबिनने गच्च भरलेला असतो आणि प्रकाश अधिक वळवतो. म्हणून दोन कोनांतील मापे एकत्र मांडली की आकाराने सारखे असलेले हे दोन कण आलेखावर वेगळ्या जागी पडतात. काही यंत्रे याशिवाय प्लेटलेटमधील न्यूक्लिइक आम्लाला चिकटणारा चमकणारा रंग वापरतात, त्यामुळे तुकडे आणखी स्पष्टपणे बाजूला होतात. कोणतीच पद्धत सर्व प्रसंगी निर्दोष नाही: रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत फुटलेल्या पांढऱ्या पेशींचे तुकडे काही प्रकाशीय मोजण्यांत प्लेटलेट म्हणून मोजले जातात. वाद मिटवण्यासाठीची आंतरराष्ट्रीय संदर्भपद्धत 2001 साली निश्चित झाली. तिच्यात प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनांना चिकटणारी चमकदार प्रतिपिंडे वापरून मोजणी होते, पण रोजच्या कामासाठी ती खर्चिक आणि वेळखाऊ आहे.

चूक उलट्या दिशेनेही होते आणि तिचे लक्षण निराळे असते. प्लेटलेट शरीरात झपाट्याने नष्ट होत असतील तर अस्थिमज्जा तरुण, आकाराने मोठ्या प्लेटलेट बाहेर सोडते. त्यांतील काही सीमारेषेपलीकडे जाऊन तांबड्या पेशींत मोजल्या जातात आणि संख्या खोटी घटते. त्याहून सर्रास अडचण गुठळ्यांची. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे द्रव्य असते, आणि हजारात एखाद्या माणसाच्या रक्तात या द्रव्यामुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. शीर सापडायला वेळ लागल्याने किंवा नळी नीट न हलवल्याने होणाऱ्या गुठळ्या तर त्याहून कितीतरी अधिक. गुठळी छिद्रातून एकच मोठा कण म्हणून जाते, आणि तांबड्या पेशी विरघळवल्यानंतर पांढऱ्या पेशी मोजल्या जातात तेव्हा तीच गुठळी लहान पांढऱ्या पेशींच्या खाली, आलेखाच्या डाव्या कडेला, एका अनपेक्षित टेकाडाच्या रूपाने दिसते. ताप नाही, रक्तस्राव नाही आणि प्लेटलेट बारा हजार, अशा विसंगतीत आधी नळीत सुताएवढी गुठळी आहे का हे पाहायचे, मग लेपाच्या शेपटाकडील टोक तपासायचे, कारण गुठळ्या तिकडे ढकलल्या जातात, आणि गरज पडल्यास सायट्रेट असलेल्या निळ्या झाकणाच्या नळीत नव्याने रक्त मागवायचे. त्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असल्याने आलेल्या संख्येला 1.1 ने गुणावे लागते. पावसाळ्यात धोका असा असतो की कमी संख्या अपेक्षितच असते, म्हणून खोटी कमी संख्याही विनाप्रश्न खरी मानली जाण्याची शक्यता वाढते.

विखुरलेला प्रकाश पांढऱ्या पेशींचे प्रकार सांगतो तेव्हा पावसाळी तापांच्या खुणाही त्यात उमटतात. तांबड्या पेशी विरघळवल्यावर उरलेल्या पांढऱ्या पेशी आलेखावर बेटांसारख्या जमतात: लहान आणि कणविरहित लिंफोसाइट तळाशी डावीकडे, मोठ्या पण कमी कणांच्या मोनोसाइट त्यांच्या वर, कणयुक्त न्यूट्रोफिल उजवीकडे आणि स्फटिकवत् कणांमुळे प्रकाशाची ध्रुवण-दिशा बदलणाऱ्या इओसिनोफिल त्यांच्याही पलीकडे. प्रत्येक यंत्र अक्ष वेगळे घेते, त्यामुळे बेटांची जागा बदलते, पण तर्क हाच राहतो. डेंग्यूत उत्तेजित झालेल्या लिंफोसाइट मोठ्या होतात, त्यांतील न्यूक्लिइक आम्ल वाढते आणि त्यांचे बेट वर मोनोसाइटकडे पसरते. यंत्र त्यांतील काहींना मोनोसाइट समजते, म्हणून अशा अहवालातील वाढलेले मोनोसाइट लेप पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नयेत.

मलेरियाची खूण याहून विलक्षण आहे. परजीवी हिमोग्लोबिन खाऊन उरलेल्या लोहयुक्त भागाचे हिमोझोइन नावाचे तपकिरी स्फटिक बनवतो, आणि न्यूट्रोफिल व मोनोसाइट ते स्फटिक गिळतात. स्फटिक असल्यामुळे तेही प्रकाशाची ध्रुवण-दिशा बदलतात, आणि इओसिनोफिल ओळखण्यासाठी बसवलेला प्रकाशग्राहक त्यांनाही टिपतो. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी 1999 साली ही गोष्ट मलेरिया शोधण्यासाठी वापरून दाखवली. वेगळ्या रचनेच्या यंत्रांत न्यूट्रोफिल आणि इओसिनोफिल यांची बेटे दुभंगलेली दिसतात. यंत्र इओसिनोफिल चौदा टक्के सांगते आणि लेपात मात्र ते दोनच टक्के सापडतात, प्लेटलेटही कमी आहेत, अशी विसंगती पाहणाऱ्या तंत्रज्ञाने त्याच लेपावर परजीवी शोधायला बसले पाहिजे, डॉक्टरांनी मलेरियाची तपासणी लिहिलेली असो वा नसो. तथापि आलेख स्वच्छ आहे म्हणून मलेरिया नाही असे म्हणता येत नाही. फाल्सिपेरमच्या कोवळ्या, अंगठीसारख्या अवस्थेत हे द्रव्य फारच थोडे असते. निदानाचा आधार जाड लेप आणि प्रतिजन चाचणी हाच राहतो.

या सगळ्यावर रोजची गुणवत्ता-तपासणी किती संरक्षण देते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. सकाळी यंत्र आधी केवळ स्वच्छ द्रावण मोजते आणि त्यात आलेली पार्श्वसंख्या मर्यादेत आहे का हे पाहिले जाते. मग कमी, मध्यम आणि उच्च पातळीचे नियंत्रण-नमुने चालवले जातात. छिद्रात साचलेला प्रथिनांचा थर, संपत आलेले रीएजंट किंवा पंपातील बिघाड यांतून पकडले जातात. पण काही यंत्रांत प्लेटलेटची पार्श्वसंख्या दहा हजारांपर्यंत स्वीकार्य मानली जाते. म्हणजे यंत्र मर्यादेत असूनही ज्या रुग्णाच्या प्लेटलेट पंधरा हजार आहेत त्याच्या बाबतीत ती मर्यादा अपुरी ठरू शकते, आणि पावसाळ्यात ती शून्याच्या जवळ ठेवण्याचा आग्रह धरणे योग्य ठरते. नियंत्रण-नमुन्यांतील पेशी रसायनांनी स्थिर केलेल्या, ठरावीक आकाराच्या असतात. त्यांत थॅलेसेमियाचे तुकडे नसतात, गुठळ्या नसतात आणि मलेरियाचे स्फटिकही नसतात. म्हणून तिन्ही नियंत्रणे बिनचूक येऊनही एखाद्या रुग्णाचा आकडा दुप्पट चुकू शकतो, आणि हे त्या रुग्णाच्या आलेखातूनच कळते.

नवी मुंबईसारख्या विखुरलेल्या शहरात नमुना किती जुना आहे याचाही विचार करावा लागतो. उलवे किंवा ऐरोली येथे सकाळी घेतलेले रक्त मुख्य प्रयोगशाळेत दुपारी पोहोचते; तोवर ईडीटीएमध्ये चपट्या प्लेटलेट गोलसर होऊन त्यांचे मोजलेले सरासरी आकारमान वाढते, आणि नमुना एक दिवस बाहेर राहिला तर तांबड्या पेशीही फुगतात व पांढऱ्या पेशींची बेटे एकमेकांत मिसळू लागतात. संख्या तुलनेने टिकून राहते, वर्गीकरण मात्र आधी बिघडते. त्यामुळे नळीवर रक्त घेतल्याची वेळ नसेल, तर प्लेटलेटच्या सरासरी आकारमानावरून अस्थिमज्जेविषयी निष्कर्ष काढणे टाळावे.

अखेरीस प्रयोगशाळेने स्वतःसाठी काही नियम लिहून ठेवणे हेच व्यवहार्य ठरते: प्लेटलेट ठरावीक संख्येखाली प्रथमच आल्यास आलेख पाहणे, नळीतील गुठळी तपासणे आणि लेप काढणे; तांबड्या पेशींचे आकारमान 65 च्या खाली असेल तर प्रकाशीय मोजणी करणे, आणि तशी सोय नसेल तर लेपावरील अंदाज नोंदवणे; आदल्या दिवशीच्या संख्येशी मोठी तफावत असल्यास अहवाल रोखून तिचे कारण शोधणे; आणि ज्या पद्धतीने संख्या काढली ती पद्धत अहवालात लिहिणे. दिवसाला शेकडो नळ्या येत असताना प्रत्येक लेप पाहणे शक्य नसते, पण जे नमुने पाहायलाच हवेत ते आलेख दाखवून देतो. अठरा हजार आणि तेवीस हजार यांत घट झाली की वाढ, यावर नातेवाइकांची रात्र जाते. वास्तविक इतक्या खालच्या पातळीवर यंत्राने प्रत्यक्ष मोजलेले कण काही शेकडाच असू शकतात, आणि कण चारशे असतील तर केवळ योगायोगाने त्यांत सुमारे वीसचा, म्हणजे पाच टक्क्यांचा, चढउतार होणारच. त्यात नमुना घेण्यातील आणि सीमारेषेतील फरक मिळवला तर दोन सलग आकड्यांतील लहान अंतराला फारसा अर्थ उरत नाही. ही मर्यादा डॉक्टरांना आणि रुग्णाच्या माणसांना स्पष्ट शब्दांत सांगणे हा अहवालाचाच भाग आहे, आणि तो भाग यंत्र छापत नसल्याने तो प्रयोगशाळेतील माणसांनीच लिहायचा असतो.